कव्हर लेटर हवं आहे, भाचीसाठी (तातडीचं)

शाहूपुरीकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. भाचीसाठी एक चांगलं कव्हर लेटर लागतंय. इथं लिहिणारी एकापेक्षा एक माणसं आहेत म्हणून टाकतोय. उद्या दुपारपर्यंत मिळालं तर बरं होईल. इंग्रजीत असलं तरी चालेल. आगाऊ धन्यवाद.

उंडगा | सोमवार, रात्री ९:५२

कुठली नोकरी? कुठली कंपनी? भाची काय शिकलीय? पत्ता न घालता पाकीट पोस्टात टाकलंय तुम्ही काका.

शाहूपुरीकर | सोमवार, रात्री १०:०५

तसं ठरलेलं काही नाही हो. जाहिरात वगैरे आलेली नाही. चारपाच ठिकाणी देऊन ठेवायचं, कुठंतरी लागेल. म्हणून सगळीकडं चालेल असं एक करून द्या. भाची हुशार आहे, कामसू आहे.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

काका, हे घ्या. मी गेली सात वर्षं हेच वापरतो, नाव तेवढं बदलायचं.

"महोदय, आपल्या जाहिरातीस अनुसरून मी आपल्या नामांकित संस्थेत योग्य पदासाठी अर्ज करीत आहे. मी मेहनती, प्रामाणिक व शिकण्यास उत्सुक असून संघात काम करण्याची आवड आहे. संधी दिल्यास आपल्या अपेक्षांना पूर्णपणे उतरेन. सोबत बायोडाटा जोडला आहे."

एक पान, तीन परिच्छेद, खाली सही. याहून जास्त कुणी वाचत नाही.

उंडगा | सोमवार, रात्री १०:२४

जाहिरात आलेलीच नाही म्हणतायत, तिला अनुसरणार कसं?

फ्रँकफुर्टकर | सोमवार, रात्री ११:१०

आमच्या आईबाबांच्या वेळी मी स्वतः केलं होतं, म्हणून सांगते. कव्हर लेटरमध्ये प्रवासाच्या तारखा, कुठल्या गावात किती रात्री, खर्च कोण करणार आणि परत येण्याचं कारण हे चारही आलं पाहिजे. मी निमंत्रण देणारी असल्याने माझा इथला राहण्याचा परवाना जोडला होता. भाची कधी निघतेय? शेंगेनसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, घाई असेल तर आधी अपॉइंटमेंट मिळते का बघा.

शाहूपुरीकर | मंगळवार, सकाळी ७:१५

नाही हो ताई, ती कुठं परदेशी निघालीय! कोल्हापुरातच नोकरी बघतेय.

फ्रँकफुर्टकर | मंगळवार, सकाळी ८:०२

अरे देवा. कव्हर लेटर म्हटलं की आता मला फक्त व्हिसाच दिसतो. चालू द्या.

मीठभाकर | मंगळवार, सकाळी ९:३०

मी पुण्यात नोकरभरतीचं काम करायचे, आता बंद केलं. सोळा वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाचली, त्यामुळे थोडं लांबण लावते.

गोदाकाठ यांचं एक बरोबर आहे, पत्र लहान असावं. पण त्या मजकुरातलं एकही वाक्य भाचीबद्दल नाही. तेच पत्र तिच्या शेजारणीनं, माझ्या नवऱ्यानं किंवा शाहूपुरीकरांनी दिलं तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही. वाचणाऱ्याला हे दुसऱ्या ओळीत कळतं आणि तो सरळ बायोडाटा उघडतो. तोही तसलाच निघाला तर मेल तिथंच राहते.

जाहिरात नसताना पाठवायचं पत्र ही मुळात वेगळी जात आहे. जाहिरातीला उत्तर देताना समोरच्यानं आपली गरज लिहून दिलेली असते, आपण तिच्यासमोर आपलं काम ठेवायचं. इथं गरज कुणी सांगितलेलीच नाही. ती तुम्हालाच ओळखावी लागते, निदान बरोबर अंदाज तरी करावा लागतो. म्हणून "कुठंही चालेल" असं पत्र निघत नाही. दोन ठिकाणं धरलीत तर दोन पत्रं होतील, आणि त्यात फक्त मधला परिच्छेद वेगळा असेल, हे मी खात्रीनं सांगते.

तर काका, मला एवढंच सांगा. भाचीनं आधी कुठं काम केलंय का, आणि रोज टेबलावर बसून नेमकं काय करायची? पदवी, टक्के राहू द्या, ते बायोडाटात असतं. काम सोडलं असेल तर कधी आणि का? कुठल्या प्रकारच्या दोन ठिकाणी जायला आवडेल? आणि ते पत्र तिथं कोण उघडेल, मालक, अकाउंटंट की एचआरची मुलगी?

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी १०:१२

ताई, मला हेच पत्र लिहून नोकरी लागली आहे.

मीठभाकर | मंगळवार, सकाळी १०:३१

लागली असेल, नाही म्हणत नाही. कुणाच्या ओळखीनं गेला होतात का?

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी १०:४०

हो, मेहुणे तिथं होते. पण पत्रही दिलं होतं.

शाहूपुरीकर | मंगळवार, दुपारी १:२०

भाचीला फोन लावला. बीकॉम आहे. एका टॅक्स कन्सल्टंटकडं कामाला होती, जीएसटीचं काहीतरी करायची. बाळ झालं म्हणून सोडलं. आता बाळ मोठं झालं. बाकीचं मला नीट सांगता यायचं नाही, म्हणून तिलाच इथं खातं काढायला लावलंय. मला म्हणाली, मामा तुम्ही काय लिहून बसलाय.

भाचीच_मी | मंगळवार, दुपारी २:४५

नमस्कार. मामांनी विचारलंय हे मला आत्ता कळलं, माफ करा.

मी साडेतीन वर्षं एका कर सल्लागाराच्या ऑफिसात होते. जून २०२४ ला सोडलं, मुलगा झाला म्हणून. आमच्याकडं १४ पार्ट्यांचं जीएसटी माझ्याकडं असायचं. ११ तारखेच्या आत विक्रीचं जीएसटीआर-१, मग १४ ला सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची यादी म्हणजे २बी आली की खरेदीशी जुळवून बघायचं आणि २० च्या आत कर भरायचं ३बी. टॅली चांगलं येतं. कुठं पाठवायचं ते ठरलेलं नाही, पण लक्ष्मीपुरीत एखादा घाऊक व्यापारी किंवा शिरोली एमआयडीसीत एखादं युनिट असं डोक्यात आहे. कसबा बावड्यात राहते, दोन्हीकडं गाडीवर जाता येतं.

सांगण्यासारखं खास काही केलेलं नाही, रोजचंच काम होतं.

तात्या_लेजर | मंगळवार, दुपारी ३:३०

३१ वर्षं वह्या लिहितोय, म्हणून विचारतो. जुळवायचीस म्हणजे नक्की काय करायचीस? पोर्टलवरची २बी डाउनलोड करून एक्सेलमध्ये टॅलीच्या खरेदीशी लावायचीस, की साहेबांनी आकडा दिला की भरायचीस? दोन्हीला लोक रिकन्सिलिएशनच म्हणतात.

आणि २बीत बिल दिसत नसेल तर काय करायचीस?

भाचीच_मी | मंगळवार, दुपारी ४:०८

एक्सेलमध्ये लावायचे काका. बिल नंबरवर लावलं तर अर्धी सुटतात, कारण कुणी आडवी रेघ घालतं, कुणी घालत नाही. म्हणून आधी जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम यावर लावायचे, उरलेली हातानं बघायचे.

नाही दिसलं तर सप्लायरला फोन करायचे. एकदा एका हार्डवेअरवाल्यांची ११ बिलं सलग दोन महिने आलीच नाहीत, सगळी एकाच सप्लायरची. तो म्हणायचा, आम्ही भरलंय, आमच्या पोर्टलला दिसतंय. ते खोटं नव्हतं. आमच्या पार्टीची फर्म मालकीची होती ती भागीदारीची झाली होती, पॅन बदलला तसा जीएसटी नंबरही बदलला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच नंबर होता, म्हणून बिलं जुन्या नंबरावर जाऊन पडत होती. त्याच्याकडून पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करून घेतली, मग आली. १ लाख १८ हजारांचा कर अडकला होता. साहेबांनी फक्त "बरं" म्हटलं होतं.

मीठभाकर | मंगळवार, दुपारी ४:१५

हे आलं तुमचं पत्र. "खास काही केलेलं नाही" म्हणणाऱ्यांकडूनच असलं निघतं, पण त्यासाठी तात्यांसारखं कुणीतरी दुसरा प्रश्न विचारावा लागतो.

उंडगा | मंगळवार, दुपारी ४:२२

पार्टीचं नावही टाक, वजन पडेल. कोल्हापुरात हार्डवेअरवाले सगळे एकमेकांना ओळखतात.

मीठभाकर | मंगळवार, दुपारी ४:२९

अजिबात टाकू नका. जुन्या ऑफिसच्या गिऱ्हाइकाची अडचण नाव घेऊन सांगितली, तर वाचणारा म्हणेल उद्या माझीही सांगेल. हिशेबाच्या माणसाला तर ते फारच नडतं. "एक हार्डवेअर व्यापारी" एवढंच पुरे.

तात्या_लेजर | मंगळवार, सायंकाळी ६:५०

काम येतं पोरीला. पण एक अडचण आहे आणि ती पत्राआधी सुटायला हवी.

तू जून २०२४ ला सोडलंस. ऑक्टोबर २०२४ ला पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आली, आम्ही आयएमएस म्हणतो. सप्लायरनं भरलेलं बिल आता आधी तिथं येतं. ते स्वीकारायचं, नाकारायचं की पेंडिंग ठेवायचं हे आपण ठरवतो, काहीच केलं नाही तर स्वीकारलं असं धरून ते २बीत येतं. म्हणजे तुझं जे मुख्य काम, त्याच्या आधी एक पायरी वाढली. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, १२ आणि २८ चे बरेच माल ५ आणि १८ मध्ये गेले. हार्डवेअरच्या दुकानात सिमेंट २८ चं १८ झालं, हे गल्ल्यावरच्या पोरालाही माहीत आहे.

आयएमएस पाहिलंयस का?

भाचीच_मी | मंगळवार, रात्री ८:१६

नाही काका. ऐकून आहे, उघडलेलं नाही. पत्रात लिहू नये ना मग?

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

"जीएसटीच्या सर्व अद्ययावत प्रणालींचे ज्ञान" असं लिहून टाका. नोकरी लागल्यावर दोन दिवसांत येतंच.

तात्या_लेजर | मंगळवार, रात्री ८:४१

येतं, खरं आहे. पण मुलाखतीला माझ्यासारखा कुणी बसला आणि त्यानं विचारलं, "पेंडिंग ठेवलेल्या बिलाचं पुढच्या महिन्यात काय होतं?" तर? मालक नाही विचारणार, त्याचा जुना अकाउंटंट विचारेल. त्याला बाजूला बसवून घेतात हल्ली.

मीठभाकर | मंगळवार, रात्री ९:०५

तात्यांशी सहमत. जे खोटं पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं ते पत्रात नको. पण म्हणून गप्पही बसू नका. जुन्या ऑफिसातली एखादी मैत्रीण अजून तिथं आहे का? १४ तारखेच्या आधी एखाद्या संध्याकाळी तिच्याशेजारी बसा, एका पार्टीचं आयएमएस कसं चालतं ते बघा. मग पत्रात खरं तेच लिहा, "नव्या प्रणालीचं काम मी जवळून पाहून समजून घेतलं आहे, स्वतः केलेलं नाही." उद्या दुपारची मुदत मामांनी घातली होती, ती सोडून द्या. जाहिरातच नाही तर शेवटची तारीख कुठून आली?

शाहूपुरीकर | मंगळवार, रात्री ९:२०

मुदत मीच घातली होती, म्हटलं नाहीतर कुणी लिहीत नाही.

सुगरणबाई | मंगळवार, रात्री १०:५५

दोन वर्षांच्या सुट्टीचं मुळीच लिहू नका हो. माझ्या जावेनं लिहिलं होतं "मुलाच्या संगोपनासाठी", तर मुलाखतीत पाऊण तास मुलालाच कोण सांभाळणार यावर गेला. कामाचं कुणी विचारलंच नाही.

मीठभाकर | बुधवार, सकाळी ९:१०

तुमच्या जावेचा अनुभव खरा आहे, मी खूप बघितलाय. तरीही मी एक ओळ लिहा म्हणेन. बायोडाटात जून २०२४ ही तारीख दिसणारच आहे. पत्र गप्प राहिलं की वाचणारा मनानं कारण भरतो, आणि बहुतेक वेळा "काढून टाकलं असेल" हेच भरतो.

तात्या_लेजर | बुधवार, सकाळी ९:४०

मी नाही लिहिणार. कारण त्याला काय करायचंय? "जून २०२४ नंतर काम थांबवलं होतं, आता पूर्णवेळ उपलब्ध" एवढं बास. बाळाचा उल्लेख कशाला?

मीठभाकर | बुधवार, सकाळी ९:५२

यात आपलं जमणार नाही तात्या. ठरवू दे तिचं तिला.

आता मुख्य भाग. दोन ठिकाणं म्हणजे लक्ष्मीपुरीचा घाऊक व्यापारी आणि शिरोलीचं युनिट. दोघांची डोकेदुखी सारखी नसते. व्यापाऱ्याला हवं असतं त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, वेळेवर. त्याच्यासाठी मी मधला परिच्छेद असा करीन. मराठीत मांडते, इंग्रजी नंतर करा. आधी इंग्रजीत लिहायला बसलं की गोदाकाठांचंच पत्र होतं.

"मी साडेतीन वर्षं एका कर सल्लागाराकडे १४ व्यापाऱ्यांच्या जीएसटीचं काम पाहिलं. त्यांतल्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याची ११ बिलं दोन महिने २बीत दिसत नव्हती. फर्म भागीदारीत गेल्यावर त्यांचा जीएसटी नंबर बदलला होता आणि पुरवठादार जुन्या नंबरावर बिलं दाखवत होता. मी ते शोधून पुरवठादाराकडून दुरुस्ती करून घेतली आणि अडकलेलं १ लाख १८ हजार रुपयांचं क्रेडिट मिळालं. आपल्याकडे पुरवठादार अनेक असतील तर दर महिन्याचं हे जुळवण्याचं काम मी पहिल्या महिन्यापासून घेऊ शकेन."

वाचणाऱ्याला यात एक गोष्ट दिसते आणि शेवटी त्याच्याच दुकानातलं एक काम.

शिरोलीच्या युनिटला हाच परिच्छेद पाठवला तर चूक होणार नाही, पण तो अर्धा वाया जाईल. तिथं काय लागतं ते तात्या सांगतील, मला फॅक्टरीतलं खोलवर येत नाही.

तात्या_लेजर | बुधवार, दुपारी १:१५

शिरोलीला फाउंड्री आणि मशीन शॉप जास्त. माल आत-बाहेर फिरत असतो. कास्टिंग एकाकडं, मशीनिंग दुसऱ्याकडं, प्लेटिंग तिसऱ्याकडं. प्रत्येक वेळी चलन, आणि जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यायला लागतो. नाही आला तर जाताना तो विकलाच असं धरून कर बसतो, व्याजासकट. टूल-डायचं वेगळं, ते असू दे. मालकाला रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळं. २५ पाठवले, २३ आले, दोन कुठं गेले कुणालाच माहीत नाही.

पोरी, तुझ्या १४ मध्ये असं एखादं होतं का?

भाचीच_मी | बुधवार, दुपारी २:३३

एक होतं काका, मशीन शॉप. त्यांची चलनं माझ्याकडं यायची. सुपरवायझर एका पिशवीत भरून पाठवायचा, तारखा उलटसुलट. मी एक्सेलमध्ये चलन नंबर, तारीख, किती गेलं, किती आलं, किती राहिलं असं केलं होतं. ९ महिने झाले की ती ओळ पिवळी व्हायची, मग त्यांना फोन. जॉबवर्कच्या मालाचं आयटीसी-०४ त्याच्यावरूनच भरायचो.

पिवळी करायची अक्कल माझीच, आधी एक रजिस्टर होतं त्यात काहीच कळायचं नाही.

तात्या_लेजर | बुधवार, दुपारी २:४०

९ महिन्यांना पिवळी! अगं, हे आमच्याकडं कुणी करत नाही.

मीठभाकर | बुधवार, दुपारी ३:०५

मग शिरोलीचा परिच्छेद हा.

"आमच्याकडे एक मशीन शॉप होतं. जॉबवर्कला गेलेल्या मालाची चलनं पिशवीतून यायची. मी त्यांची एक्सेलमध्ये चलनवार यादी केली, ज्यात नऊ महिने उलटलेला माल आपोआप वेगळ्या रंगात दिसे, म्हणजे वर्ष भरायच्या आत तीन महिने हातात राहत. आयटीसी-०४ याच यादीवरून भरला जाई. आपल्याकडे माल बाहेर जात असेल तर अशी यादी मी उभी करून चालवू शकेन."

दोन्हीत माणूस एकच आणि अनुभवही एकच, पण एकाला क्रेडिटचं सांगितलं, दुसऱ्याला चलनाचं. काका, "सगळीकडं चालेल असं एक" का होत नाही ते हे.

पहिल्या दोन ओळींत फक्त कोण, कशासाठी, आणि का तुम्हालाच, एवढं. "बावड्यात राहते, अकाउंट्स आणि जीएसटीचं काम साडेतीन वर्षं केलं आहे, आपल्याकडे अशा कामाला जागा असेल तर भेटायला येऊ इच्छिते." मालक मोबाइलवर वाचतो, त्याला मेलच्या यादीत विषय आणि पहिली ओळ एवढंच दिसतं. पत्र वेगळ्या फाइलीत जोडू नका, मेलमध्येच लिहा. बायोडाटा तेवढा पीडीएफ करून जोडा. पगार कुणी विचारल्याशिवाय लिहू नका. दीडशे-दोनशे शब्द पुरतात.

उंडगा | बुधवार, दुपारी ३:४०

त्या फर्मला काय लागतं, हे जाहिरात नसताना कळणार कसं? तात्यांनी शिरोलीचं सांगितलं म्हणून कळलं, प्रत्येकाला तात्या कुठून आणायचा?

तात्या_लेजर | बुधवार, संध्याकाळी ७:२५

एक सोपं आहे. त्या फर्मचं कुठलंही बिल हातात पडलं की त्यावर जीएसटी नंबर असतो. पोर्टलवर लॉगिन न करता `Search Taxpayer` मध्ये तो टाकला की फर्म मालकीची की भागीदारीची, नंबर कधीचा, कारखाना की व्यापार, कुठला माल, एवढं दिसतं. रिटर्न कुठल्या तारखेला भरले तेही दिसतं. २० तारखेची ३बी दर महिन्याला २७-२८ ला जात असेल तर समज, तिथं माणूस कमी आहे किंवा कागद वेळेवर येत नाहीत.

सुगरणबाई | बुधवार, संध्याकाळी ७:५०

हे दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं नाही का वाटत?

तात्या_लेजर | बुधवार, संध्याकाळी ८:०३

सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय सरकारनं. सप्लायर बघायला आम्ही रोज बघतो.

मीठभाकर | बुधवार, रात्री ८:२०

बघायला हरकत नाही, पत्रात मात्र त्याचं एक अक्षर नको. "आपले रिटर्न उशिरा जातात असं दिसलं" हे वाचून मालक पत्र फाडेल, शिवाय उशीर पैशांच्या ओढाताणीमुळेही असतो, अकाउंटंटमुळेच असं नाही. त्याचा उपयोग एवढाच की कुठला परिच्छेद पाठवायचा ते ठरतं. फर्मवर कारखाना लिहिलाय की घाऊक व्यापार, एवढं कळलं तरी पुरे.

शाहूपुरीकर | बुधवार, रात्री ९:१०

शिरोलीचं एक राहिलं. पावसाळ्यात हायवेवर पाणी आलं की नदीपलीकडं जाता येत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला रस्ता बंदच होता. मालक विचारणार, तेव्हा काय करणार?

भाचीच_मी | बुधवार, रात्री ९:२२

मामा, ते पत्रात नको. तेव्हा त्यांची फॅक्टरीही बंद असते.

भाचीच_मी | पुढचा मंगळवार, दुपारी १२:१०

जुन्या मैत्रिणीकडं दोन संध्याकाळ बसले, आयएमएस बघितलं. तात्या काका, पेंडिंग ठेवलेलं बिल तिथंच राहतं आणि नंतर स्वीकारलं की त्या महिन्याच्या २बीत येतं, बरोबर ना? मी एक स्वतः करून बघितलं, तिच्या समोर.

लक्ष्मीपुरीला दोन आणि शिरोलीला एक पाठवलं. बाळाचं लक्ष्मीपुरीच्या एकात लिहिलं, दुसऱ्यात नाही, बघू. जिथं लिहिलं तिथून फोन आला. बाळाचं काही विचारलं नाही, म्हणाले तो जुन्या नंबराचा घोळ आमच्याकडंही चालू आहे. शनिवारी ११ ला बोलावलंय. शिरोलीहून काही नाही अजून.

येताना ती एक्सेल दाखवायला आणा म्हणाले. माझ्याकडं घरच्या लॅपटॉपवर एक आहे, नेऊ का?

तात्या_लेजर | पुढचा मंगळवार, दुपारी १२:४८

पेंडिंगचं बरोबर आहे, फक्त ते कायमचं ठेवता येत नाही, त्यालाही क्रेडिटची मुदत लागू आहे, तेवढं बोल. एक्सेल ती नेऊ नकोस. आज रात्री नवी कर, दहा-बारा ओळींची. नावं, नंबर, रकमा सगळं खोटं घाल. जुन्या पार्टीचा एक जीएसटी नंबर जरी त्यात राहिला तरी तो त्यांना ओळखू येईल.